इतिहासाचे पेपर तपासताना अक्षराला मार्क देताय का? या चुका टाळा

मी नाशिकला इतिहास शिकवते. आमच्या वर्गात पंचवटीतली पोरं असतात, सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतली हिंदी बोलणारी असतात, आणि सटाणा-कळवणकडून शिकायला आलेली अहिराणी बोलणारीपण असतात. म्हणजे एका गठ्ठ्यात चार भाषा आणि चाळीस प्रकारचं अक्षर. त्यात मी स्वतः ज्या चुका केल्या त्याच सांगते.

सगळ्यात मोठी चूक एका चार मार्कांच्या टिपेवर पकडली गेली. विषय होता काळाराम मंदिर सत्याग्रह. एका मुलीचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं, हेडिंगला निळी रेघ, दीड पान उत्तर. मी तीन मार्क दिले आणि पुढचा पेपर घेतला, तो एका मुलाचा, अक्षर म्हणजे मुंग्या चालल्यासारखं, सहा ओळी, वर मराठी-हिंदी-अहिराणीची मिसळ. त्याला दीड. दुसऱ्या दिवशी मॉडरेशनला दोन्ही पेपर शेजारी शेजारी आले आणि सहकारी मॅडम म्हणाल्या, "ताई, या मुलीने महाडच्या चवदार तळ्याचं लिहिलंय अर्धं, तुम्ही वाचलं का?"

वाचलं नव्हतं, खरं सांगते. नुसती नजर फिरवली होती. छान अक्षरावर डोळा घसरत जातो आणि आपल्याला वाटतं की सगळं बरोबरच असणार, वाईट अक्षर मात्र आपण अडखळत वाचतो, वैतागतो आणि तो वैताग मार्कांत उतरतो.

मग आम्ही दोघींनी चार मुद्दे कागदावर लिहिले, प्रत्येकाला एक मार्क. पहिला, कुठे-कधी-कोणी: नाशिक, पंचवटी, २ मार्च १९३०, डॉ. आंबेडकरांचं नेतृत्व. दुसरा, मागणी: अस्पृश्य मानलेल्यांना मंदिरात प्रवेश. तिसरा, घडलं काय: मंदिराचे दरवाजे बंद केले, सत्याग्रही बाहेर बसले, स्थानिक पातळीवर दादासाहेब गायकवाडांनी लढा चालवला. चौथा, शेवट: अनेक वर्षं लढूनही दार उघडलं नाही याला अर्धा आणि पुढे १९३५ ला येवल्याची धर्मांतराची घोषणा याला अर्धा.

आता मुलीचा पेपर. जागा आणि नेतृत्व बरोबर पण साल १९२७, म्हणजे महाडचं, अर्धा. मागणी म्हणून तळ्याचं पाणी, शून्य. हजारो लोक जमले हे बरोबर, अर्धा. शेवटी "समतेचा संदेश घरोघरी पोहोचला", हे कुठल्याही चळवळीखाली चालेल, शून्य. एकूण एक.

मुलाने लिहिलं होतं: "काळाराम मंदिर पंचवटीमा शे. दलित लोकांना आत एंट्री नव्हती. २ मार्च १९३० ला बाबासाहेबनी चालू केला, दादासाहेब गायकवाड लीड करत. दरवाजे बंद केले तर लोक बाहर बसले. खूप साल चालला पण मंदिर नही खुला, मग येवल्याला बोलले हिंदू म्हणून मरणार नाही" आणि पुढे एक साल, ज्याचा शेवटचा आकडा काही केल्या लागेना. पहिले तिन्ही मुद्दे पूर्ण, चौथ्यात दार न उघडल्याचा अर्धा, आणि न लागलेल्या सालामुळे येवल्याचा अर्धा सोडला. साडेतीन.

तर आता मी मुद्दे आधी लिहिते आणि मगच गठ्ठा सोडते. सगळ्या पेपरांतला एकच प्रश्न एका बैठकीत तपासते, मार्क वेगळ्या चिठ्ठीवर टाकते म्हणजे आधीच्या प्रश्नाला किती दिले ते दिसत नाही, आणि पुढच्या प्रश्नाला गठ्ठा पिसते. नाहीतर छापील अक्षराच्या नंतर येणारं पोर प्रत्येक वेळी तेच, आणि प्रत्येक वेळी मार खाणारंही तेच.

दुसरी चूक आकड्यांची आणि इतिहासात ही महागात पडते. आपली पोरं मराठी आणि इंग्रजी आकडे एकाच सालात मिसळतात. इंग्रजी नऊ हा मराठी एकासारखा दिसतो, घाईत काढलेला मराठी चार इंग्रजी आठासारखा. आता १९०९ मध्ये इंग्रजी नऊ घातले तर ते ११०१ दिसतं, कलेक्टर जॅक्सनचा खून अकराव्या-बाराव्या शतकात झाला असं कोणी लिहिणार नाही हे आपल्याला कळतं, तिथे फसत नाही. फसतो कुठे, जिथे दोन्ही वाचनं खरी सालं असतात. १९१९ चा शेवटचा नऊ इंग्रजी असेल तर ते १९११ वाचलं जातं, आणि दोन्ही वर्षी काहीतरी घडलेलंच आहे, एकीकडे जालियनवाला बाग, दुसरीकडे बंगालची फाळणी रद्द.

अशा वेळी अंदाज करायचा नाही, त्याच पेपरात त्याचा नऊ शोधायचा. समासातले प्रश्न क्रमांक, पुरवणीचा नंबर, इतर सालं, कुठेतरी नऊ आणि एक दोन्ही सापडतात. पेन्सिलने बाजूला त्याची छोटी किल्ली करायची, हा याचा एक, हा याचा नऊ. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. फक्त आजूबाजूच्या वाक्यावरून साल "बरोबर असेलच" असं ठरवू नका, कारण मुलाला साल माहीत होतं का हेच तर आपण तपासतोय!

भाषेच्या मिसळीत माझी एकच कसोटी आहे. चुकलेल्या शब्दामुळे इतिहासातली दुसरीच गोष्ट उभी राहते का? "कानेरे", "ज्याक्सन", "बॉयकॉट केला", "मूव्हमेंट पेटली", यातून दुसरं काही उभं राहत नाही, मार्क कापायचा नाही. पण असहकारच्या जागी सविनय कायदेभंग लिहिलं, किंवा मवाळांचं मत जहालांच्या तोंडी घातलं, तर अक्षर कितीही सुंदर असो, तो मजकूर चुकलाय. लखनौ की लाहोर हे अक्षरावरून कळतच नसेल तर बाकीचं वाक्य बघायचं, तिथे काँग्रेस-लीग करार असेल तर लखनौ, पूर्ण स्वराज्याचा ठराव असेल तर लाहोर. वाक्यातूनही कळलं नाही तर त्या मुद्द्याचा मार्क नाही.

आणि हो, कारण आधी आणि परिणाम नंतर हा क्रम म्हणजे सजावट नाही, तो इतिहासच आहे. रेघा, हेडिंग, चौकटी ही सजावट. हे दोन्ही "मांडणी" नावाखाली एकत्र मोजणारे बरेच जण भेटतात.

तिसरी चूक उलट्या बाजूची. माझी चोरी पकडली गेल्यावर काही महिने मी इतकी दयाळू झाले की न वाचता येणाऱ्या ओळींनाही मार्क द्यायला लागले, "बिचाऱ्याला येत असेल". हे पण चूकच, कारण अशाने सुवाच्य चूक लिहिणाऱ्याला शून्य आणि अवाच्य चूक लिहिणाऱ्याला एक. आता न लागलेल्या शब्दाखाली पेन्सिलने तुटक रेघ मारते, पुढे जाते, पूर्ण उत्तर संपल्यावर परत येते. तोवर त्याच्या अक्षराची सवय झालेली असते आणि निम्मे शब्द आपोआप लागतात. उरलेले मोठ्याने वाचते, हिंदी आणि अहिराणीचे शब्द डोळ्यापेक्षा कानाला लवकर कळतात. तरी नाही लागलं तर शेजारच्या मॅडमना दाखवते, पण मला काय वाटतं ते न सांगता.

शाळेच्या घटक चाचणीला मुलालाच बोलावून वाचायला लावता येतं. तेव्हा मूळ पेपर आपल्या हातात, झेरॉक्स त्याच्या हातात, आणि प्रत्येक शब्दावर आपलं बोट. नाहीतर पोरं वाचता वाचता नवीन मुद्दे घालतात, मी एकाला मधेच पकडलं तर म्हणाला, "मॅडम, ते लिहायचं राहिलं होतं पण मनात होतं."