इलेक्टिव क्लॅश होतायत? आधी एकच बॅच असलेला विषय बसवा

बरेच जण आवडता विषय आधी टाकतात आणि मग बाकीचे कुठे बसतायत ते शोधत बसतात, तिथेच सगळं अडकतं. प्रत्येक विषयासमोर त्याच्या किती बॅचेस आहेत ते लिहा आणि ज्याची एकच बॅच आहे तो आधी पक्का करा, कारण तो हलणारच नाही.

समजा डेटाबेसचं लेक्चर फक्त सोम-बुध 10 ला आहे, लॅब गुरुवारी किंवा शुक्रवारी 2 ते 4. मानसशास्त्र सोम-बुध 10 ला नाहीतर मंगळ-गुरु 3 ला, आणि सांख्यिकी मंगळ-गुरु 3 ला नाहीतर मंगळ-शुक्र 9 ला. डेटाबेस बसवला की मानसशास्त्राची पहिली बॅच गेली, म्हणजे दुसरी घ्यावीच लागणार, मग गुरुवारची लॅब मध्ये येते म्हणून लॅब शुक्रवारी, आणि सांख्यिकीला मंगळ-शुक्र 9 उरतं. झालं, तिन्ही बसले!

लॅबकडे खरंच नीट बघा हं, तिचं टाइमटेबल बऱ्याचदा वेगळं लागतं आणि क्लॅश दुसऱ्या आठवड्यात कळतो, तोवर दुसरी बॅच फुल झालेली असते. रजिस्ट्रेशन उघडलं की ज्या बॅचला पर्यायच नाही ती आधी घ्या, इथे तर डेटाबेसचं लेक्चर, शुक्रवारची लॅब, मानसशास्त्राची दुसरी बॅच आणि सांख्यिकीची मंगळ-शुक्र 9 ची बॅच, चारहींना पर्याय नाही. आणि नंतर बॅच बदलायची झाली तर नवी सीट मिळेल याची खात्री झाल्याशिवाय हातातली सोडू नका.