मालक नसताना लेथचं काम अडू नये म्हणून: मशीनवरचं एक कार्ड

मालक बाहेर गेला की सीएनसी लेथवर काम अडतं ते एकाच जागी: माप सरकलं, आता काय करायचं? आमच्याकडे हे सुटलं ते प्रत्येक जॉबसाठी मशीनला अडकवलेल्या एका पानाच्या कार्डामुळे.

25 मिमी पिनचं कार्ड घ्या. ‘माप नीट तपासा’ असं त्यावर लिहून उपयोग नाही, आकडा हवा. चालणारं माप 24.980 ते 25.000. दर दहावा पीस मायक्रोमीटरने मोजून वहीत लिहायचा. इन्सर्ट झिजत जातो तसा बाहेरचा व्यास वाढतो, म्हणून 24.995 दिसलं की X च्या वेअर ऑफसेटमध्ये -0.005 द्यायचे आणि पुढचाच पीस मोजायचा. तरीही माप वाढत राहिलं, तर इन्सर्टची धार बदलून पुन्हा पहिल्या पीसपासून तपासणी.

पीस गार झाल्यावरच मोजायचा, ही ओळ कार्डावर ठळक हवी. चाळीस अंशांनी गरम असलेली ही पिन सुमारे 0.01 मिमी जाड भरते. कारागीर ते बघून ऑफसेट कमी करतो आणि गार झाल्यावर सगळा लॉट बारीक निघतो.

खाली थांबण्याची अट: माप हद्दीबाहेर गेलं की मशीन बंद, मागचे दहा पीस वेगळ्या लाल ट्रेमध्ये. पुन्हा सुरू करायचं की नाही हे कोण ठरवणार, त्याचं नावही तिथेच लिहा.

कार्ड लावण्याआधी त्या मशीनवर नसलेल्या कारागिराला ते द्या आणि मालकाने गप्प उभं राहावं. तो जिथे विचारायला वळतो, तिथे एक ओळ कमी आहे.