ग्रुपवरचा ‘फायनल’ मेसेज: या चुका टाळा

कळसूबाईला जायचं ठरतंय. शनिवारी रात्री कसारा लोकल, तिथून जीपने बारी गाव. ग्रुपवर दीडशे मेसेज पडलेत आणि आता कोणीतरी शेवटचा मेसेज टाकायचाय. बहुतेक जण काय करतात? खालचे चार-पाच मेसेज वाचतात आणि लिहितात, ‘ओके, मग उद्या रात्री दादरला भेटू.’ घोळ इथूनच सुरू होतो.

‘उद्या’ हा मेसेज कोण कधी वाचेल यावर ठरतो, त्यामुळे वार आणि तारीख दोन्ही लिहा. एक चुकलं तर दुसऱ्यावरून कळतं. रात्रीच्या गाडीला तर हे हवंच. 12:15 ची लोकल ‘शनिवारी रात्रीची’ म्हटली तरी घड्याळात रविवार उजाडलेला असतो. मग एखादा रविवारी रात्री सॅक घेऊन निघतो. यावर साधा उपाय म्हणजे भेटायची वेळ बाराच्या आतली ठेवायची आणि तीच लिहायची. गाडीची वेळ वेगळ्या ओळीत.

‘दादर स्टेशन’ हे ठिकाण नाही, तो जिल्हा आहे! त्यात 2023 च्या डिसेंबरात मध्य रेल्वेचे प्लॅटफॉर्म 8 पासून पुढे मोजायला लागले. जुन्या सवयीने कोणी ‘एक नंबरवर ये’ म्हणालं, तर नवा माणूस थेट पश्चिम रेल्वेवर जाऊन उभा राहतो. पूर्व की पश्चिम ते लिहा आणि समोर दिसणारी एक खूण द्या.

आता सगळ्यात फसवा प्रकार. वर कोणी विचारलेलं असतं, ‘11 ऐवजी 11:15 चालेल?’ खाली तीन अंगठे. पण मध्ये जीपच्या भाड्याचा मेसेज आलाय, मग अंगठे नेमके कशाला? अंदाज बांधू नका, त्या तिघांना विचारा. प्रश्न म्हणजे निर्णय नव्हे, आणि गप्प बसलेला माणूस ‘हो’ म्हणालेला नसतो.

मेसेज असा दिसावा:

कळसूबाई, पक्कं
शनिवार, 13 डिसेंबर, रात्री 11:15
दादर पूर्व, स्टेशनबाहेर, स्वामीनारायण मंदिरासमोर
लोकल 12:15 ची (म्हणजे 14 तारीख लागलेली)
वाचलं की आपलं नाव लिहा

इतकंच. ‘आधी 11 ठरलं होतं, पण…’ हा इतिहास नको. घाईत वाचणारा त्यातला 11 च उचलतो.

नंतर वेळ बदलली तर जुना मेसेज एडिट करू नका. व्हॉट्सॲपवर एडिट पंधरा मिनिटांतच होतो, आणि ज्याने आधी वाचलाय त्याला त्याची वेगळी सूचनाही जात नाही. वर ‘बदल’ लिहून सगळाच मेसेज नव्याने टाका, जुना सगळ्यांसाठी डिलीट करा आणि नवा सात दिवसांसाठी पिन करा. नावं पुन्हा मागा. ज्याचं आलं नाही, त्याला फोन.