कमेंट गायब झाल्या म्हणण्याआधी या चुका टाळा

"खाली आकडा 86 दिसतोय, मोजल्या तर 51च भरतात. यूट्यूबनं कमेंट खाल्ल्या ओ!" नवी पेठेतल्या एका शेंगाचटणीवाल्या दुकानदारानं मला दुपारी दोन वाजता फोन केला. त्यांनी व्हिडिओवर कमेंट करणाऱ्यांसाठी सोडत ठेवली होती आणि आकडा बघून 86 चिठ्ठ्या करायला घेतल्या होत्या.

पहिली चूक इथेच. व्हिडिओखालचा आकडा माणसांचा नसतो. त्यात मूळ कमेंट आणि त्यांच्याखालची उत्तरं, दोन्ही धरलेली असतात. उत्तरं मिटलेली असल्यामुळे वरवर मोजणाऱ्याला ती दिसत नाहीत. मी प्रत्येक कमेंटखालची उत्तरं उघडून वहीत रेघा मारत गेलो. मूळ 51, उत्तरं 31. त्या 31 पैकी 23 तर दुकानदारांचेच 'धन्यवाद ताई', 'धन्यवाद दादा'. त्यांच्याही चिठ्ठ्या पडणार होत्या!

झाले 82. उरल्या 4. त्या दिवशी सकाळीच त्यांनी 'घरबसल्या कमवा' छापाच्या चार कमेंट काढल्या होत्या. काढलेली कमेंट लगेच दिसेनाशी होते, आकडा मात्र कधी कधी मागून उतरतो. दुसऱ्या दिवशी तिथे 82 आलं. एवढा एक दिवस थांबायची लोकांची तयारी नसते, याचा मला खरोखर राग येतो.

दुसरी चूक जास्त नुकसानीची. गिऱ्हाइकं म्हणत होती, "आम्ही कमेंट केली, दिसत नाही." यूट्यूब स्टुडिओच्या कमेंट विभागात Held for review उघडलं, तर सहा कमेंट अडकलेल्या. त्या लोकांना दिसत नव्हत्या आणि 86 मध्येही नव्हत्या. सहाही वाचल्या, सगळ्यांत एकच शब्द: 'महाग'. कुणी लिहिलं होतं, 'चव बघता अजिबात महाग नाही.' दुकानदारांनी कधीतरी रागाच्या भरात Blocked words मध्ये 'महाग' टाकून ठेवला होता. तो शब्द काढला, सहाही मंजूर केल्या आणि आकडा 88 झाला.

अशा अडकलेल्या कमेंट जास्तीत जास्त 60 दिवस राहतात, नंतर त्या मिळत नाहीत. म्हणून मी दर सोमवारी सकाळी ती यादी उघडतोच. आपोआप मंजूर करणारी सोय शोधत बसू नका, वाचून मंजूर करा.

मूळ कमेंट काढताना तिच्याखालची उत्तरंही जातात. एक काढली आणि आकडा सातनं घसरला तर घाबरू नका.

मोजताना क्रम 'Newest' ठेवा, 'Top' वर मोजू नका.

आणि एखाद्याला चॅनलवरून लपवलं असेल, तर त्याला स्वतःची कमेंट दिसत राहते, इतरांना दिसत नाही. त्यामुळे "माझ्या मोबाइलवर दिसते की" हा पुरावा धरू नका. लॉगिन न केलेल्या ब्राउझरमध्ये बघा.