औषधाच्या मेसेजमधली चूक: कुठली सोडायची, कुठली विचारायची

घरच्यांनी औषधाचं नाव मेसेजवर चुकीचं टाइप केलं, तर काय आणायचं?

१. लिहिलंय तसंच वाचा. त्या नावाचं दुसरं औषध खरोखर मिळतं का, हे दुकानदाराला विचारा.

२. मिळत नसेल आणि ते नाव एकाच औषधाशी जुळत असेल, तर चूक निरुपद्रवी. 'पॅरासीटमाल' म्हणजे पॅरासिटामॉलच.

३. मिळत असेल, तर थांबा. 'हायड्रॅलाझिन' रक्तदाबासाठी, 'हायड्रॉक्सिझिन' खाजेसाठी. दोन्ही खरी औषधं आहेत. आकड्यांचंही तसंच. थायरॉक्सिन 25 आणि 125 मायक्रोग्रॅम, दोन्ही गोळ्या मिळतात, त्यामुळे गळलेला 1 संदर्भावरून कळत नाही.

खात्री करताना "25च ना?" असं विचारू नका, घाईत समोरचा "हो" म्हणतो. "किती मायक्रोग्रॅमची?" असं विचारा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मागवा.