मोकळ्या मशिनीवरचा माल शेजारच्या विभागाला कोणत्या भावानं द्यायचा?

वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात कॉस्टिंगला नव्यानं लागलेल्यांच्या टेबलावर हे काम लवकरच येतं: आपल्याच कंपनीचा एक विभाग दुसऱ्याला माल देणार आहे, भाव काढून द्या. बहुतेक जण पूर्ण खर्च काढतात, त्यावर दहा टक्के चढवतात आणि मेल पाठवून मोकळे होतात. देणाऱ्या विभागात मशिनी रिकाम्या उभ्या असतील, तर या हिशोबानं कंपनीचं थेट नुकसान होऊ शकतं. कसं, ते एका उदाहरणानं पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

वाळूजचा मशीन शॉप बेअरिंग हाऊसिंग बनवतो. कास्टिंग कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येतं, इथं त्यावर बोरिंग, ड्रिलिंग आणि टॅपिंग होतं. महिन्याची क्षमता ४,००० नग आहे आणि बाहेरचे ग्राहक २,८०० नग घेतात, नगाला ५२० रुपयांनी. शेंद्र्याचा विभाग लातूर-जालन्याच्या डाळ मिलसाठी एलिव्हेटर आणि कन्व्हेयर जोडतो. त्याला महिन्याला १,००० हाऊसिंग हवीत आणि बाहेरचा एक पुरवठादार ती पोहोच ४५० रुपयांनी द्यायला तयार आहे.

आता वाळूजचा खर्च. कास्टिंग २३० रुपये. इन्सर्ट, कूलंट, वीज आणि नगावर दिली जाणारी मजुरी मिळून ११० रुपये. म्हणजे एक नग जास्त बनवला की ३४० रुपये जास्त खर्च होतात. बाहेर विकताना पॅकिंग, भाडं आणि कमिशनचे आणखी २० रुपये लागतात. शेंद्र्याला देताना ते लागत नाहीत. (कंपनीची गाडी रोज तिकडे जातेच, असं धरलं आहे. तसं नसेल तर भाडं धरा.) स्थिर खर्च महिन्याला ३,६०,००० रुपये, म्हणजे पूर्ण क्षमतेवर नगाला ९० रुपये.

पूर्ण खर्च झाला ४३०, दहा टक्के धरून ४७३. शेंद्र्याचा मॅनेजर ४७३ आणि ४५० शेजारी ठेवतो आणि ऑर्डर बाहेर देतो. त्याच्या विभागापुरता तो बरोबरच आहे. पण कंपनीच्या खिशातून बाहेर ४५० गेले आणि घरात तेच ३४० मध्ये झालं असतं. नगाला ११० रुपये, महिन्याला १,१०,००० रुपये गेले. वाळूजचे ते ३,६०,००० रुपये मशीन चालो न चालो, लागणारच आहेत. ते भावात घालून आपणच आपलं गिऱ्हाईक बाहेर घालवलं.

म्हणून आधी दोन टोकं काढा. खालचं टोक देणाऱ्याचं: एक नग जास्त केल्यानं वाढणारा खर्च, अधिक त्या नगापायी बुडणारी बाहेरची कमाई. क्षमता मोकळी आहे तोवर दुसरा भाग शून्य असतो, म्हणून ३४०. वरचं टोक घेणाऱ्याचं: बाहेरचा पोहोच भाव, किंवा तयार मालाच्या विक्रीतून त्याचा पुढचा चल खर्च वजा जाता उरणारी रक्कम, यातलं जे कमी असेल ते. इथं ४५०. या दोन टोकांमधला कुठलाही भाव कंपनीला सारखाच. तो फक्त १,१०,००० रुपये कोणत्या विभागाच्या खात्यात दिसतील एवढंच ठरवतो.

३४० हा आकडा मात्र डोळे झाकून शीटवरून उचलू नका. शीटच्या ‘चल’ रकान्यात कायमस्वरूपी नोकरीतल्या ऑपरेटरचा पगारही बरेचदा नगावर वाटून टाकलेला असतो. तो माणूस रिकाम्या पाळीतही पगार घेणारच असेल, तर तो पगार या भावात येत नाही. उलट, मोकळी क्षमता फक्त तिसऱ्या पाळीत असेल तर रात्रीचा भत्ता जोडावा लागतो. या भागासाठी खास फिक्स्चर करावं लागलं तर तोही वाढीव खर्चच, मग शीटमध्ये त्याला काहीही म्हटलेलं असो. आणि खर्च प्रमाणित दरानं धरा. महिन्याच्या प्रत्यक्ष खर्चानं धरलात तर वाळूजचं रिजेक्शन वाढलं की त्याचं बिल शेंद्र्याला जातं आणि ते कमी करायची घाई कुणालाच राहत नाही.

‘मोकळी क्षमता’ सुद्धा अडणाऱ्या मशिनीवर मोजा. लेथ निम्मा वेळ उभे असतील, पण बोरिंगचं व्हीएमसी तिन्ही पाळ्या भरलेलं असेल तर क्षमता मोकळी नाहीच. प्रॉडक्शनच्या मीटिंगमधल्या टक्केवारीपेक्षा त्या एका मशिनीची पाळीनिहाय लॉगशीट मागून घ्या.

आता खरा फसवा भाग. शेंद्र्याची गरज १,६०० नगांवर गेली असं धरा. मोकळे १,२०० नग ३४० नं परवडतात. उरलेले ४०० देण्यासाठी बाहेरच्या ग्राहकांना तेवढे नग नाकारावे लागतील. त्या प्रत्येक नगावर ५२० वजा २० वजा ३४०, म्हणजे १६० रुपये कॉन्ट्रिब्युशन बुडतं. त्यामुळे त्या ४०० नगांचं खालचं टोक ५०० होतं. बाहेर ते ४५० ला मिळतात, म्हणून बाहेरूनच घ्या. इथं सरासरी काढायचा मोह होतो: १,६०० नगांची सरासरी ३८० येते, ती ४५० पेक्षा कमी, म्हणून सगळं घरातच करू. त्या मोहापायी शेवटच्या ४०० नगांवर नगाला ५० प्रमाणे २०,००० रुपये जातात. सरासरी उपयोगी पडते ती एकाच वेळी: पुरवठादार म्हणाला की सगळे १,६०० घ्या, नाहीतर एकही देणार नाही. तेव्हा एकूण रकमा समोरासमोर ठेवायच्या आणि ३८० विरुद्ध ४५० मध्ये घरचाच माल जिंकतो.

टोकांमधला भाव ठरवताना माणसांचाही विचार करावा लागतो. भाव बरोबर ३४० ठेवला तर वाळूजच्या मॅनेजरच्या हाती काहीच उरत नाही. शेंद्र्याचा जॉब नेहमी सेटिंगच्या रांगेत शेवटी जातो आणि डिलिव्हरी चुकते. मधोमध ३९५ ठेवला तर दोघांना ५५,००० रुपये दिसतात, भांडण मिटतं. पण त्यालाही एक खोट आहे. उद्या शेंद्र्याला असं मोठं टेंडर आलं की त्यात हाऊसिंगपोटी ३७५ रुपयेच सुटतात, तर ३९५ बघून तो टेंडर सोडून देईल. क्षमता मोकळी असेल तर कंपनीनं तिथं नगाला ३५ रुपये गमावले.

आमच्या मते यावर दोन भागांचा भाव चांगला: नगाला ३४० आणि वर महिन्याला ठरावीक ५५,००० रुपये, नग किती का घेईना. पुढच्या प्रत्येक नगाचा निर्णय खऱ्या खर्चावर होतो आणि वाळूजलाही वाटा मिळतो. ठरावीक रक्कम वर्षाच्या सुरुवातीला ठरवा. दर महिन्याच्या नगांवरून बदलत गेलात तर ती पुन्हा नगाच्या भावातच मिसळते.

दहा टक्क्यांची सवय कुठून आली तेही माहीत असावं. उत्पादन शुल्काच्या काळात स्वतःच्याच वापरासाठीच्या मालाचं मूल्य २००३ पासून उत्पादन खर्चाच्या ११० टक्के धरायचा नियम होता. जीएसटीच्या मूल्यांकन नियमांतही ११० टक्क्यांची तरतूद आहे. ते कर लावण्यासाठीचं मूल्य आहे. वाळूज आणि शेंद्रा एकाच जीएसटी क्रमांकाखाली असतील तर माल डिलिव्हरी चालानवर जातो आणि कर लागत नाही, त्यामुळे भाव पूर्णपणे आतला राहतो. दुसरा विभाग दुसऱ्या राज्यात असेल, किंवा वेगळी कंपनीच असेल, तर हा आकडा लिहिण्याआधी टॅक्सवाल्यांना विचारा.

करारपत्रात एक ओळ न विसरता घाला: वाळूजच्या बाहेरच्या ऑर्डरी ३,००० नगांवर गेल्या की भाव पुन्हा बघायचा. शेंद्र्याचे १,००० धरून क्षमता तिथंच भरते, आणि त्यापुढच्या प्रत्येक नगाचं खालचं टोक ३४० वरून ५०० वर उडी मारतं.