एसी माझा, भिंत मालकांची

घर सोडायची नोटीस दिली की पहिला विचार येतो तो सामानाचा. नव्या घरात एसी आधीच आहे, कपाट जिन्यातून वर जाणार नाही, वॉशिंग मशीनला तिकडे जागा नाही. मग वाटतं, येणाऱ्या भाडेकरूलाच विकून टाकू, त्याचीही सोय आणि आपलीही. बेत चांगलाच आहे. फक्त त्यात तिसरा माणूस असतो, घरमालक, आणि बहुतेक लोक त्यांना सगळं ठरल्यावर सांगतात. मीही एकदा तसंच केलं होतं. त्याचा किस्सा पुढे येईल. आता सुरुवात कुठून करायची ते बघू.

आधी कागद आणि पेन घेऊन घरभर फिरा. यादी खोलीप्रमाणे करू नका, मालकीप्रमाणे करा. एका बाजूला आपलं सुटं सामान: फ्रिज, टेबल, पलंग, सोफा. दुसरीकडे आपलं पण भिंतीला किंवा नळाला जोडलेलं: एसी, गिझर, पाण्याचा फिल्टर, पडद्यांचे रॉड, ठोकलेली फळी. तिसरीकडे मालकांचं. घरात येताना करारासोबत सामानाची यादी झाली असेल तर ती आणि तेव्हाचे फोटो समोर ठेवूनच हे करा, कारण तीन वर्षांनंतर पंखा कोणाचा होता हे आठवत नाही. गिझर तुम्ही आणला, पण पैसे भाड्यातून वळते केले असतील तर तो मालकांचा. जुना पंखा काढून आपला लावला असेल तर जुना कुठे आहे ते शोधा, कारण जाताना तो परत लावून द्यावा लागेल. हप्ते चालू असलेली किंवा भाड्याने आणलेली वस्तू या यादीत घेऊच नका. ती पूर्णपणे तुमची होईपर्यंत विकायचा प्रश्न येत नाही.

यादी झाली की लगेच खरेदीदाराकडे धावायचं नाही, आधी मालकांकडे जायचं. इथे लोक म्हणतात, सामान माझं, मग परवानगी कशाची? विकायला परवानगी लागत नाही, हे बरोबर. पण बहुतेक करारांत घर रिकामं करून ताबा द्यायचा असं लिहिलेलं असतं, आणि तुम्ही वस्तू घरातच ठेवून जाणार आहात. परवानगी हवी ती त्या ठेवण्याला. मालकांच्या बाजूनेही बघा. दोन भाडेकरूंच्या मधल्या दिवसांत त्यांना रंग द्यायचा असेल. घर रिकामंच द्यायचं असेल, किंवा स्वतःचं फर्निचर टाकून भाडं वाढवायचं असेल. आणि त्यांची सगळ्यात मोठी धास्ती ही, की सहा महिन्यांनी नवा माणूस फोन करून म्हणणार, "तुमचं मशीन बंद पडलंय, दुरुस्त करून द्या." तुमच्या विनंतीत या धास्तीचं उत्तर असेल तर होकार लवकर मिळतो.

म्हणून विनंती लेखी करा. साधा मेसेज चालतो, पण त्यात मोघम काही नको. माझा मसुदा साधारण असा असतो: "काकू, मी महिनाअखेरीस घर सोडतोय. माझं फ्रिज, वॉशिंग मशीन, लाकडी कपाट आणि बेडरूममधला एसी नव्या भाडेकरूंना हवं असेल तर विकायचा विचार आहे. घेणं न घेणं त्यांच्या मर्जीवर, घर देण्याशी त्याचा संबंध नसेल. विकलेलं सामान त्यांच्या मालकीचं राहील, त्याच्या दुरुस्तीची जबाबदारी तुमच्यावर येणार नाही आणि हे त्यांच्याकडूनही लिहून घेतो. पंचवीस तारखेपर्यंत व्यवहार ठरला नाही तर सगळं मी हलवीन. तुमची हरकत नसेल तर या चार वस्तूंसाठी तसं कळवाल का? आणि एसीबद्दल थोडं वेगळं बोलायचं आहे."

काकूंकडून नुसता अंगठा आला तर तो होकार धरू नका, आणि दोन दिवस काहीच आलं नाही तर तोही नाही. वस्तूंची नावं घेऊन "ठेवायला हरकत नाही" एवढं एक वाक्य हवं. नवा भाडेकरू अजून ठरलाच नसेल तर तेव्हाच विचारून ठेवा की घर बघायला येणाऱ्यांना सामान दाखवलं तर चालेल का. काहींना ते आवडत नाही. घरापेक्षा सोफ्याची चर्चा जास्त होते म्हणतात, आणि खोटं नाही ते.

एसीबद्दल वेगळं का बोलायचं? कारण एसी माझा असला तरी भिंत मालकांची आहे. स्प्लिट एसीसाठी भिंतीला आरपार भोक असतं, बाहेर युनिटचा स्टँड बोल्टने ठोकलेला असतो. तो काढायचा तर आधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यावा लागतो, मग तांब्याचे पाइप सोडवायचे. वाकवताना ते चेपले तर नवे लागतात. शेवटी भोक बुजवून रंगाचा हात द्यायचा. भोक मी पाडलंय म्हणून बुजवणं माझ्याकडे. आता एसी भिंतीवरच राहून नव्या माणसाचा झाला, तर दोन वर्षांनी तो जाताना भोक कोणी बुजवायचं? हे तिघांत आधी ठरलं नाही तर मालक आज तुमच्या डिपॉझिटमधून पैसे कापतील, किंवा उद्या त्या बिचाऱ्याच्या. मार्ग तीनच आहेत. एसीसोबत भोक बुजवायची जबाबदारीही नवा भाडेकरू घेतो आणि मालक ते मान्य करतात. किंवा मालक स्वतः एसी विकत घेतात, मग प्रश्नच मिटतो. नाहीतर मी काढून, बुजवून जातो. भिंतीवरच्या प्रत्येक वस्तूसाठी यातला एक मार्ग लिहून ठेवा, अगदी पडद्याच्या रॉडसाठीसुद्धा.

रॉडसाठीसुद्धा म्हणतोय कारण तोच माझा किस्सा. एका घरातून निघताना चांगले स्टीलचे सहा रॉड मी नव्या भाडेकरूला फुकट ठेवले होते. तो खूश होता. मालकांना मात्र सांगितलं नव्हतं. त्याचं येणं ऐनवेळी रद्द झालं, मालकांनी घर रंगवायला काढलं आणि रॉड काढून भोकं बुजवल्याची मजुरी माझ्या डिपॉझिटमधून वजा झाली. भांडायला तोंड नव्हतं. करारात "रिकामं" लिहिलं होतं आणि भिंतीवर सहा रॉड होते.

मालकांचा होकार आला की किंमत. इथे खरेदीच्या बिलाला फार कवटाळू नका. दोन आकडे काढा. वस्तू नवी असताना शंभर धरू. समजा तुमच्यासारखंच जुनं वॉशिंग मशीन बाहेर चाळीसला मिळतं, ते घरी आणायला चार आणि जोडायला दोन. म्हणजे नव्या भाडेकरूला शेचाळीस पडतात. त्यापेक्षा जास्त तो का देईल? उलट जुनं सामान घेणारा दारातून उचलून तुम्हाला बावीस देतोय. त्यापेक्षा कमी तुम्ही का घ्याल? भाव या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो, तीस-पस्तीसला दोघंही समाधानी. एसीच्या बाबतीत काढणं, नेणं, परत बसवणं, लागला तर गॅस भरणं हा खर्च मोठा, म्हणून जागेवरच राहिला तर त्याला जास्त भाव येतो. कपाटाचं तसं नाही. लाकडी कपाट नव्या माणसाला अडचणच वाटलं तर त्याची किंमत शून्य, मग तुम्ही ते कितीला का घेतलं असेना. म्हणूनच भाव वस्तूगणिक सांगा, सगळ्याचा मिळून एकच आकडा नको. त्याला फ्रिज हवा असतो आणि पलंग नको असतो, आणि एकगठ्ठा आकड्यात तो "नको"च म्हणतो.

दाखवताना वस्तू चालवून दाखवा. मशीन पाणी घेऊन, फिरून, पिळून, पाणी सोडेपर्यंत पूर्ण चालवा. नुसता दिवा लागला म्हणजे चालू, असं नसतं. फ्रिज आदल्या रात्रीपासून चालू ठेवा आणि बर्फ दाखवा. जे बिघडलंय ते आपणहून सांगा आणि पावतीत लिहा, उदाहरणार्थ "दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात सैल". समोरून उघडणारं मशीन असेल तर ड्रम घट्ट धरून ठेवणारे वाहतुकीचे तीन-चार बोल्ट शोधा आणि त्याच्या हातात द्या. आज मशीन हलणार नाही, पण त्याला पुढे न्यायचं असेल तेव्हा ते लागतील आणि तेव्हा तुमचा फोन नंबर बदललेला असेल. रिमोट, किल्ल्या, वॉरंटीचं बिल, तेही सोबतच.

पैसे नव्या भाडेकरूकडून थेट तुमच्या खात्यात यावेत. मालकांनी घेऊन डिपॉझिटसोबत द्यायचे, ही सोय दिसते, पण दोन हिशेब एकमेकांत गुंततात आणि रंगाची वजावट सोफ्याच्या पैशातून होते. किल्ली द्यायच्या आधी पूर्ण रक्कम, आणि तिघांच्या सह्यांचा एक कागद: वस्तू, नंबर, भाव, "जशी आहे तशी", मालकी कोणाची, भोक कोण बुजवणार. मालकांची सही विक्रीला नाही, सामान ठेवण्याला आहे, एवढं त्यात स्पष्ट लिहा.

ताबा देताना कपाट आणि सोफा भिंतीपासून ओढून मागचा भाग मालकांना दाखवा, फोटो काढा. ओल किंवा ओरखडा असेल तर तो आज दिसू दे. कपाट तिथेच राहिलं म्हणून मागची भिंत तपासली गेली नाही, आणि नंतर फोन आला, असं व्हायला नको. मध्ये घर काही दिवस बंद राहणार असेल तर फ्रिज रिकामा करून, पुसून, बंद करा आणि दार लागू नये म्हणून त्यात घडी केलेलं फडकं अडकवा. दार घट्ट लावून बंद ठेवलेल्या फ्रिजला आठवड्यात बुरशी येते आणि वासावरून झालेली विक्री मोडते. त्या दिवसांत काही झालं तर नुकसान कोणाचं, हेही त्याच कागदावर एका ओळीत येऊ द्या.

आणि टेम्पो आधीच ठरवून ठेवा. पंचवीस तारखेला संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत, तर सव्वीसला सकाळी एसीवाला आणि टेम्पो दोन्ही दारात हवेत.